मंजे, आधी अभिनंदन घे

सातारा, मंगळवार रात्र

मंजे,

काल तू फोनवर म्हणालीस, "सुमे, शाखेच्या किल्ल्या देऊन आले गं," आणि मागं काकूंच्या कुकरची शिट्टी झाली. त्या शिट्टीनं मला वाचवलं. कारण माझ्या जिभेवर तयार असलेलं वाक्य होतं, "दुसरी नोकरी बघून ठेवलीयस ना?" शिट्टी झाली, तू "थांब, गॅस बारीक करते" म्हणालीस आणि तेवढ्यात मी ते गिळून टाकलं. परत आल्यावर तू काहीतरी वेगळंच सांगायला लागलीस. ऑफिसातला तो बाटलीतला मनी प्लांट तेवढा घरी आणलास, बाकी ड्रॉवरमधलं सगळं तिथंच सोडलंस, असं. मग दहा मिनिटं आपण मनी प्लांटवरच बोललो आणि अभिनंदन राहूनच गेलं. म्हणून हे बसून लिहितेय. चिन्या झोपलाय, बाहेर पाऊस आहे, उद्याच्या वह्या तपासायच्या तशाच पडल्यात.

अभिनंदन, मंजे. अगदी पेढे वाटावेत असं अभिनंदन. कंदी पेढ्यांचा पाव किलोचा बॉक्स आणलाही आज राजवाड्यावरून. "कशाचे पेढे?" म्हणून ह्यांनी विचारलं. म्हटलं, मंजूनं नोकरी सोडली. ते म्हणाले, "लागली म्हणायचंय का तुला?" म्हटलं, नाही, सोडली. दोन मिनिटं गप्प बसले आणि मग दुसरा पेढा घेतला.

गेल्या दिवाळीत तू आली होतीस आणि आपण अजिंक्यताऱ्यावर गेलो होतो, आठवतंय? मंगळाई देवीच्या देवळापाशी तुझा फोन वाजला. भाऊबीजेचा दिवस. तू देवळामागच्या दगडावर जाऊन बसलीस आणि आम्ही खाली सातारा बघत उभे. यवतेश्वरचा घाट दाखवून झाला, सज्जनगड दाखवून झाला, चिवडा संपला, तरी तुझा फोन चालूच. तू आल्यावर चिन्या म्हणाला, "मावशी, तू 23 वेळा 'हो सर' म्हणालीस." त्यानं मोजलं होतं. आपण किती हसलो! नंतर दोन महिने आमच्या घरात तो खेळच झाला होता. जेवायला ये, "हो सर." दात घास, "हो सर." पण तुला एक सांगायचं राहिलं होतं. उतरताना तू पुढं होतीस, आणि पायऱ्यांवर तू एका हातानं कठडा धरला होतास आणि दुसऱ्या हातात फोन उलटा धरला होतास, स्क्रीन आत करून. विंचू धरावा तसा. तेव्हाच मला वाटलं होतं, ही आता फार दिवस काढत नाही तिथं.

खरं तर त्याही आधी. मार्चमधली ती संध्याकाळ. त्या कवठ्याच्या आजी सोनं तारण ठेवायला आल्या होत्या, आणि तुला सांगितलं होतं की कर्जाच्या कागदांतच विम्याचा फॉर्म सरकवून द्या, अंगठा घ्या, त्यांना काय कळतंय. तू आजींना तो कागद वाचून दाखवलास. आजी म्हणाल्या, नको गं बाई मला. झालं. महिनाअखेरीला टार्गेटच्या यादीत तुझ्या नावापुढं लाल रंग. त्या रात्री तू मला म्हणालीस, "सुमे, मी चूक केली का?" हे तू विचारलंस याचाच मला जास्त राग आला होता, तुझा नाही, ज्यांनी तुला हे विचारायला लावलं त्यांचा. विलिंग्डनच्या वसतिगृहात मेसच्या हिशोबातले चाळीस रुपये जास्त लागले म्हणून आख्खी वही परत तपासायला लावणारी मुलगी ही. तिला सात वर्षांत इथपर्यंत आणलं.

आणि हे सगळे जे म्हणतात ना, "दुसरी हातात घेऊन मग सोडायची," त्यांनी एकदा तुझा दिवस काढून दाखवावा. सकाळी आठला कॉल, रात्री नऊला रिव्ह्यू, मधे डबा चार वाजता. मुलाखतीला जायचं कधी? कोल्हापूरला तू एकदा गेली होतीस ती आठव. पोटदुखीची रजा टाकून. आतमध्ये बोलावेपर्यंत शाखेतून अकरा फोन, आणि तुला विचारलं "तुमची बलस्थानं सांगा" तेव्हा तुला स्वतःचं एकही आठवेना. परतीच्या एसटीत तू मला फोन करून हेच सांगितलंस. थकलेल्या माणसाला नवीन काही शोधताही येत नाही, मंजे. म्हणून मला तुझं हे बिनआधाराचं सोडणं अविचाराचं वाटतच नाही.

तुम्हा सांगलीकरांना कसं सांगू? तुम्ही पावसाळ्यात एकमेकांना नमस्कारच मुळी "किती फूट झालं?" असा घालता. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. गावभागातल्या तुझ्या आत्याबाई 2019 ला 38 फुटांवरच ट्रंक घेऊन तुमच्याकडं विश्रामबागला आल्या होत्या. शेजारचे हसले होते. "अजून इशारा पण नाही, म्हातारी घाबरली." आत्याबाईंनी 2005 चा पूर बघितला होता. त्यांना कुणी विचारलं का, की पुढचे पंधरा दिवस कुठं राहणार, गाद्या कुठं वाळवणार, धान्याचं काय? काही ठरलं नव्हतं. ट्रंक, देवघरातली बाळकृष्णाची मूर्ती आणि लाईटबिलाची फाईल. निघाल्या. त्या वर्षी पाणी 57 फुटांवर गेलं. हसणाऱ्यांना बोटीतून काढलं.

तुझं पाणी 40 च्या वर जाऊन दोन वर्षं झाली होती. तुला झोप लागत नव्हती, केस गळत होते, रविवारी दुपारी चारनंतर तुझ्या पोटात गोळा यायचा. आणि सगळे आपले सांगत होते, अजून 45 कुठं झालंय. तू आत्याबाईंची भाची निघालीस, एवढंच.

आता तुला पहिले काही दिवस जो प्रश्न येणार आहे तो मला दिसतोय. कॉलनीतल्या काकू फाटकापाशी थांबवणार. "मग आता काय करतेस?" माझं ऐक, उत्तर देऊ नकोस. म्हणजे खरं उत्तर दे. "झोपते." पुढचं काही विचारायला त्यांना सुचणार नाही. आणि काकू, म्हणजे तुझी आई, ती काळजी करणारच, तिला करू दे. त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं काढली, नोकरी सोडतात ही गोष्टच त्यांच्या पंचांगात नाही. पण काल शिट्टीनंतर मागून त्यांचा आवाज आला मला, "मंजू, आज गरम गरम जेवून घे." तुझ्या लक्षात आलं नसेल. सोमवारी रात्री आठला तू घरी गरम जेवतेयस, हे त्यांनीही सात वर्षांनी बघितलं.

पैशाचं मी विचारणार नाही, ते तू बघितलं असणार. फक्त एक, आणि ते माझं नाही, आमच्या ह्यांचं. दुसरा पेढा खाता खाता त्यांनी माझ्याच वहीच्या मागं आकडेमोड केली. (एमआयडीसीतल्या कारखान्यात अकाउंट्सला बसतात, तुला माहितीय, त्यांना प्रेम असंच व्यक्त करता येतं.) तुझी पाच वर्षं कधीच पूर्ण झालीत, तेव्हा ग्रॅच्युइटी तुझ्या हक्काची आहे, राजीनामा दिला तरी. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होतं, त्याला भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. ते 18,000 असं धरून त्यांनी सात वर्षांचे 72,692 काढलेत. वरचे चार महिने धरत नाहीत. सहाच्या वर असते तर आणखी एक वर्ष मोजलं असतं. लेखी अर्ज कर, पोच घे, 30 दिवसांत द्यायला हवेत. "बघू, करू, मॅडम" असं म्हणाले तर ऐकून घेऊ नकोस. पीएफचा यूएएन तोच राहतो, त्यामुळं त्याला आत्ता हात लावायची घाई नको. आणि ऑफिसचा मेडिक्लेम गेला असेल, तर स्वतःचा एक काढून टाक. बास. हे सगळं झोप पूर्ण झाल्यावर.

मला मात्र वेगळंच विचारायचंय. राजीनाम्याच्या दिवशी म्हणे साहेब तुला म्हणाले, "एक महिना विचार कर, प्रमोशनचं बोलतो मी वर." आणि तू? काल तू ते एका वाक्यात उरकलंस, "नाही म्हटलं." कसं म्हणालीस? बसून की उभी राहून? आवाज कापला का? मला सगळं सविस्तर ऐकायचंय. चिन्याला सकाळी सांगितलं की मंजूमावशी "नाही सर" म्हणाली, तर त्यानं दप्तर खाली ठेवलं आणि विचारलं, "किती वेळा?" म्हटलं, एकदाच. तो म्हणाला, "23 वेळा नको म्हणायला?" म्हटलं, नाही रे, हे एकदाच पुरतं.

तर आता ये. शनिवार-रविवारी नको, शनिवार-रविवारी अख्खं पुणं इथं असतं. पुढच्या मंगळवारी ये. सकाळची एसटी धर, कराडमार्गे तीन-साडेतीन तासांत पोचशील. माझ्या तीन सीएल शिल्लक आहेत, त्यातली एक तुझ्या नावानं टाकते. ठोसेघर आता भरभरून कोसळतंय. सात वर्षांत तू कधी मंगळवारी धबधबा बघितलायस का? तिथं धड रेंज नसते, मागच्या वेळी तू त्याचीच काळजी करत बसली होतीस. दुपारी घरी पिठलं-भाकरी, संध्याकाळी वाटलं तर टेकडीवरच्या चार भिंतींपर्यंत चालत जाऊ, नाही वाटलं तर झोप. खोली तयार आहे. पांघरूण जाड काढून ठेवलंय, इथं तुमच्यापेक्षा गारठा जास्त.

पेढे मी तुझ्यासाठी सहा ठेवलेत, उरलेले संपले. येताना भडंग आण, जास्त लसणाचं. आणि मनी प्लांट खिडकीत ठेवलास का ते कळव.

तुझी,
सुमी