तेरा आठवड्यांचा रोख प्रवाह अंदाज: ५ जानेवारी ते ५ एप्रिल २०२६

तयार केल्याची तारीख: ३ जानेवारी २०२६. हा अंदाज फर्मच्या भागीदारांसाठी असून त्याची एक प्रत बेळगावमधील आपल्या बँक शाखेत तात्पुरत्या जादा मर्यादेच्या अर्जासोबत द्यायची आहे. सर्व रकमा लाख रुपयांत आहेत. सुरुवातीची शिल्लक ४.२० असून १५ लाखांची सीसी मर्यादा आज पूर्ण मोकळी आहे. तक्त्यातील उणे आकडा म्हणजे सीसीतून उचललेली रक्कम.

जमेच्या बाजूला पक्षकाराने सांगितलेली तारीख कोठेही धरलेली नाही. त्याच पक्षकाराने यापूर्वी किती उशिरा पैसे दिले, हे खतावणीतून काढून तेवढे दिवस पुढे ढकलले आहेत. उद्यमबागेतील शेडच्या मालकांचे मागचे चार हप्ते कबूल तारखेनंतर १७ ते २६ दिवसांनी आले. त्यामुळे त्यांनी १९ जानेवारीच्या आठवड्यात कबूल केलेले ९.०० लाख सहाव्या आठवड्यात आणि मार्चच्या सुरुवातीला कबूल केलेले ७.०० लाख बाराव्या आठवड्यात दाखवले आहेत. निपाणीच्या बंगल्याचे मालक रक्कम थोडी देतात, पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नेमाने देतात. त्यांचे दीड-दीड लाख आहेत तसे धरले आहेत.

खरा प्रश्न खानापूर तालुक्यातील सरकारी रस्ता-गटार कामाच्या रनिंग बिलाचा आहे. काम २४.०० लाखांचे, त्यावर १८ टक्के जीएसटी ४.३२, म्हणजे बिल २८.३२ लाखांचे आहे. त्यातून आयकराचा टीडीएस ०.४८, जीएसटीचा टीडीएस ०.४८, कामगार कल्याण उपकर ०.२४ आणि सुरक्षा ठेव १.२० कापली जाऊन हातात २५.९२ येतील. मेजरमेंट बुकातील नोंद आणि बिल, दोन्ही १५ डिसेंबरचे आहेत. याच खात्याची आधीची दोन बिले नोंदीपासून ७० आणि १०४ दिवसांनी खात्यात जमा झाली होती. कार्यालयात ‘जानेवारीअखेर होईल’ असे सांगतात, पण अनुदान सुटल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही, म्हणून मार्चअखेरच्या गडबडीत, २३ मार्चच्या आठवड्यात ही रक्कम येईल असे धरले आहे. जुन्या कामांची अडकलेली ३.२० लाखांची सुरक्षा ठेव अंदाजात अजिबात घेतलेली नाही.

तक्त्यातील शेवटचा स्तंभ वाईट स्थितीचा आहे: उद्यमबागेचे दोन्ही हप्ते आणखी तीन आठवडे लांबले आणि सरकारी बिल या तेरा आठवड्यांत आलेच नाही तर.

| आठवडा | सोमवार | जमा | खर्च | अखेर शिल्लक | वाईट स्थितीतील शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| १ | ५ जाने. | १.५० | ३.७० | २.०० | २.०० |
| २ | १२ जाने. | ० | २.२० | -०.२० | -०.२० |
| ३ | १९ जाने. | ० | ५.५० | -५.७० | -५.७० |
| ४ | २६ जाने. | ० | ४.९० | -१०.६० | -१०.६० |
| ५ | २ फेब्रु. | १.५० | ३.७० | -१२.८० | -१२.८० |
| ६ | ९ फेब्रु. | ९.०० | ३.२० | -७.०० | -१६.०० |
| ७ | १६ फेब्रु. | ० | ५.०० | -१२.०० | -२१.०० |
| ८ | २३ फेब्रु. | ० | ४.४० | -१६.४० | -२५.४० |
| ९ | २ मार्च | १.५० | ३.७० | -१८.६० | -१८.६० |
| १० | ९ मार्च | ० | ५.५० | -२४.१० | -२४.१० |
| ११ | १६ मार्च | ० | २.५० | -२६.६० | -२६.६० |
| १२ | २३ मार्च | ३२.९२ | २.५० | ३.८२ | -२९.१० |
| १३ | ३० मार्च | ० | ३.५५ | ०.२७ | -३२.६५ |

खर्चात दर शनिवारचा मजुरांचा पगार १.६० आणि डिझेल ०.३० कायम आहे. महिन्याच्या सुरुवातीला कार्यालयीन पगार ०.९०, आणि जेसीबीचा हप्ता व बँकेचे व्याज मिळून ०.७५ आहे. आपण कापलेला टीडीएस सात तारखेपर्यंत आणि पीएफ-ईएसआय पंधरापर्यंत भरायचा आहे. जीएसटी २० तारखेला, अनुक्रमे २.१०, १.६० आणि १.९० लाख. डिसेंबरच्या सरकारी बिलावरील कर पैसे हाती येण्याआधीच जानेवारीत भरावा लागतो आणि लांबवल्यास १८ टक्के व्याज लागते, म्हणून त्याला हात लावलेला नाही. चौथ्या आठवड्यात ३.०० आणि आठव्यात २.५० लाखांचे स्टील आहे, तर तिसऱ्या, सातव्या आणि बाराव्या आठवड्यात सिमेंटचे दीड-दीड लाख आहेत. सहाव्या आठवड्यात वाळू-खडीचे १.०० आहेत. दहाव्या आठवड्यात आगाऊ आयकर ०.८० असून पाडव्यापूर्वी, १४ मार्चच्या शनिवारी, मुकादमाचा हिशेब २.५० लाखांत चुकता करावयाचा आहे. पाडवा १९ मार्चला आहे आणि विजापूर भागातील टोळी सणाला गावी जाते. हिशेब अर्धवट ठेवला तर ती परत येईलच असे नाही. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत मजुरी कमी दिसते ती याच कारणाने.

तक्त्याप्रमाणे सीसी मर्यादा आठव्या आठवड्यात ओलांडली जाते आणि अकराव्यात ११.६० लाख कमी पडतात. मात्र निर्णय आठव्या आठवड्यात घेऊन चालणार नाही, कारण स्टीलची पहिली खरेदी चौथ्या आठवड्यातच आहे. २६ जानेवारीपूर्वी उद्यमबागेच्या मालकांशी बोलून दोन्ही वेळचे स्टील त्यांनी थेट विक्रेत्याकडून घ्यावे आणि ती रक्कम आपल्या हप्त्यांतून वळती करावी. सिमेंट विक्रेत्याकडे पहिल्या दोन बिलांसाठी सहा आठवड्यांची उधारी मागावी. दोन्ही भागीदारांनी मिळून २ मार्चपर्यंत ३.०० लाख भरावेत. हे तिन्ही झाल्यास आठव्या आठवड्याची उचल १०.९० वर येते आणि अकराव्यातील सर्वांत खोल जागा १९.६० वर थांबते. उरलेल्या फरकासाठी बँकेकडे ९ मार्चपासून ५.०० लाखांची तात्पुरती जादा मर्यादा मागत आहोत. तरीही अकराव्या आठवड्यात मोकळीक फक्त ४० हजारांची राहते. ती पुरेशी आहे असे मी म्हणणार नाही.

जादा मर्यादेची मुदत ३१ मार्च न ठेवता ३० एप्रिल मागितली आहे. आपल्या मंजुरीपत्रानुसार ९० दिवसांपेक्षा जुनी येणी उचल-क्षमतेत धरली जात नाहीत. खानापूरचे बिल १५ मार्चला ९० दिवसांचे होते. फेब्रुवारीअखेरच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये ते मोजले जाईल, मार्चअखेरच्या स्टेटमेंटमध्ये नाही. म्हणजे बिल न आल्यास पैशाची गरज सर्वांत मोठी असतानाच एप्रिलमध्ये उचल-क्षमताही घटेल. ही गोष्ट शाखेला आजच सांगितलेली बरी.

उद्यमबागेचे पैसे १५ फेब्रुवारीपर्यंत आले नाहीत, तर त्या साइटवर नवीन माल पाठवू नये आणि भागीदारांचे ३.०० लाख सातव्या आठवड्यातच भरावेत. सरकारी बिल २७ मार्चपर्यंत आले नाही, पण वरील उपाय झाले आणि उद्यमबागेचा हप्ता आला असला, तरी तेराव्या आठवड्यात उचल २२.६५ लाखांवर जाते, म्हणजे वाढीव मर्यादेपेक्षा २.६५ जास्त. यासाठी जुना टिपर विकण्याची बोलणी २३ मार्चपूर्वी पक्की करून ठेवावीत आणि पाडव्यानंतर नवीन काम उघडू नये. बिल वेळेत आल्यास तेराव्या आठवड्याअखेर ३.२७ लाख शिल्लक राहतील. त्यातून भागीदारांचे ३.०० लाख परत करता येतील.

दर सोमवारी सकाळी आदल्या आठवड्याचे प्रत्यक्ष आकडे घालून एक आठवडा पुढे वाढवलेला तक्ता भागीदारांकडे जाईल. खानापूरच्या बिलाचे कन्नडमधील स्मरणपत्र साइट सुपरवायझरने १९ जानेवारीला स्वतः नेऊन द्यावे आणि आवक क्रमांक घेऊन यावा.