आधी अदलाबदल करून बघा, मग फॉर्म्युला लावा (पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन, सराव संच ३)

मुलांनो, शनिवारच्या टेस्टचे पेपर तपासून झाले. फॅक्टोरियल सगळ्यांना येतंय, काटाकाटी पण नीट केलीये, पण निम्म्याहून जास्त जणांनी प्रश्न ४ मध्ये भलताच फॉर्म्युला लावलाय. प्रश्न होता, १० सभासदांमधून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार किती प्रकारे निवडता येतील. तुम्ही "निवडता" हा शब्द पाहिला आणि थेट nCr, उत्तर १२० लिहून मोकळे. बरोबर उत्तर ७२०.

हे कशामुळे होतं ते मला माहितीये, कारण कुठूनतरी तुमच्या डोक्यात बसलंय की "निवडा" म्हटलं की C आणि "मांडा" म्हटलं की P. हे आजपासून विसरा. प्रश्न काढणाऱ्याला ही युक्ती तुमच्याआधीपासून माहीत असते, तो मुद्दाम उलटे शब्द घालतो (मी पण घालते, खोटं कशाला बोलू).

त्यापेक्षा असं करा. प्रश्न वाचला की एक उत्तर खरंखुरं लिहून काढा, म्हणजे अ अध्यक्ष, ब सचिव, क खजिनदार. आता त्यातल्या कोणत्याही दोघांची अदलाबदल करा, ब अध्यक्ष, अ सचिव. आणि स्वतःला विचारा, हे नवीन उत्तर झालं की तेच राहिलं? इथे अध्यक्षच बदलला, म्हणजे नवीन. मग क्रमाला किंमत आहे, nPr. तेच राहिलं असतं तर nCr.

फॉर्म्युले एकदा लिहून ठेवते:

```
nPr = n! / (n − r)!
nCr = n! / (r! (n − r)!)
nPr = nCr × r!
```

तिसरी ओळ पाठ करू नका, समजून घ्या. आधी r जण उचलले (nCr) आणि मग त्यांना r! प्रकारे उभं केलं, झालं nPr. १२० × ६ = ७२० म्हणजे तुमच्या चुकीच्या उत्तरात फक्त उभं करायचं राहिलं होतं.

आणि हो, अदलाबदलीच्याही आधी एक गोष्ट बघायची: तीच वस्तू परत वापरायला परवानगी आहे का? असेल तर P पण नाही आणि C पण नाही. चार आकडी कुलूप घ्या, त्याला इंग्रजीत कॉम्बिनेशन लॉक म्हणतात म्हणून लोक C लावतात, पण ४७१२ ने उघडणारं कुलूप ७४१२ ने उघडेल का? नाही, म्हणजे क्रम महत्त्वाचाच. आता आकडे परत येऊ शकत असतील तर प्रत्येक जागी १० पर्याय, १०×१०×१०×१० = १००००. परत येऊ शकत नसतील तर १०P४ = ५०४०. C दोन्हीकडे नाही.

अजून एक सोडवून दाखवते, कारण इथे अदलाबदल फसवते. १ ते ९ मधले अंक वापरून अशा तीन अंकी संख्या किती, ज्यात अंक डावीकडून उजवीकडे वाढत जातात? २५८ चालेल, ५२८ नाही चालणार. संख्या म्हटल्यावर सगळे P लावतात, कारण २५८ आणि ५२८ वेगळ्या संख्या. बरोबर आहे, वेगळ्या आहेत, पण ५२८ आपल्या यादीतच नाही ना! २, ५, ८ हे तीन अंक उचलले की त्यांना उभं राहायची एकच पद्धत उरते, प्रश्नानेच क्रम ठरवून टाकलाय, तुमच्या हातात काही नाही. म्हणून ९C३ = ८४. तेव्हा अदलाबदल केल्यावर दोन नाही तर तीन गोष्टी होऊ शकतात: नवीन उत्तर, तेच उत्तर, किंवा उत्तरच नाही. तिसऱ्यावर थांबून विचार करा.

आता तुमची पाळी. वहीत प्रत्येक प्रश्नाखाली आधी "अदलाबदल: ..." अशी एक ओळ, मग फॉर्म्युला, मग उत्तर. ती ओळ नसेल तर उत्तर बरोबर असलं तरी अर्धेच मार्क. खालची उत्तरं आत्ताच वाचू नका.

प्रश्न

१. ८ धावपटूंच्या शर्यतीत पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक किती प्रकारे लागू शकतो? (बरोबरी नाही.)

२. त्याच शर्यतीतले पहिले तिघं फायनलला जाणार, नंबराला महत्त्व नाही. फायनलला जाणारे तिघं किती प्रकारे ठरतील?

३. १० जण एका मीटिंगला आले. (अ) प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवला, एकूण किती वेळा? (ब) प्रत्येकाने बाकी प्रत्येकाला एक मेसेज पाठवला, एकूण किती मेसेज?

४. वर्तुळावर ७ बिंदू. त्यातले बिंदू जोडून किती रेषाखंड, किती त्रिकोण आणि एका बिंदूपासून दुसऱ्याकडे जाणारे किती बाण काढता येतील?

५. "गडबड" या शब्दातली अक्षरं किती वेगवेगळ्या प्रकारे मांडता येतील? आणि "बडबड"ची?

६. अंक डावीकडून उजवीकडे कमी कमी होत जातात अशा तीन अंकी संख्या किती? यावेळी शून्य पण चालेल.

७. ६ जणांचे ३-३ चे दोन संघ करायचेत. (अ) एक लाल संघ, एक निळा. (ब) संघांना नाव, रंग काहीच नाही.

८. ९ जणांमधून ४ जणांची समिती, त्यातलाच एक जण प्रमुख. किती प्रकारे?

९. ५ मुलगे आणि ४ मुली यांच्यातून तिघांची समिती, किमान एक मुलगी हवीच.

१०. चौकटीच्या कागदावर खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जायचंय, ४ घरं उजवीकडे आणि ३ घरं वर, फक्त उजवीकडे किंवा वरच सरकता येतं. रस्ते किती?

११. १० प्रश्नांची चूक-की-बरोबर चाचणी, एकही प्रश्न सोडायचा नाही. उत्तरपत्रिका किती प्रकारे भरता येईल?

१२. ५२ पत्त्यांच्या कॅटमधून (अ) ५ पत्ते एकदम हातात घेतले. (ब) ५ पत्ते एकामागून एक टेबलावर ओळीत मांडले.

उत्तरं

१ आणि २ जोडीने बघा. पहिल्यात सोनं आणि चांदी अदलाबदल केलं तर दोन माणसं भांडायला उठतील, म्हणून ८P३ = ३३६. दुसऱ्यात कोणी उठणार नाही, ८C३ = ५६. तेच धावपटू, तीच शर्यत.

३. मी तुमच्याशी हात मिळवला म्हणजे तुम्हीही माझ्याशी मिळवलात, तीच एक गोष्ट, १०C२ = ४५. पण मी पाठवलेला मेसेज आणि तुम्ही पाठवलेला मेसेज हे दोन मेसेज, १०P२ = ९०.

४. रेषाखंड ७C२ = २१, त्रिकोण ७C३ = ३५. बाणाला टोक असतं, उलटा केला की दुसरा बाण, ७P२ = ४२.

५. इथे अदलाबदल मजेशीर आहे. "गडबड"मध्ये ग आणि ब बदलले तर नवीन, पण दोन ड एकमेकांच्या जागी ठेवले तर कोणाला कळणार पण नाही. म्हणून ४! ला २! ने भागायचं, १२. "बडबड"मध्ये ब पण दोन आणि ड पण दोन, ४! / (२! × २!) = ६. पटत नसेल तर सहाच्या सहा लिहून काढा, दोन मिनिटं लागतात.

६. १०C३ = १२०. मागे चढत्या क्रमात मी शून्य घेतलं नव्हतं, कारण ते सगळ्यात लहान म्हणून पहिल्या जागी जाऊन बसलं असतं आणि संख्या दोन अंकीच राहिली असती. उतरत्या क्रमात ते आपोआप शेवटी जातं, त्रास देत नाही.

७. (अ) लाल संघाचे तिघं उचलले की उरलेले निळे, ६C३ = २०. (ब) हा प्रश्न भल्याभल्यांना चकवतो. इथे संघातल्या माणसांची अदलाबदल करून भागत नाही, अख्ख्या संघांची करायची. अबक एकीकडे आणि डइफ दुसरीकडे, किंवा डइफ एकीकडे आणि अबक दुसरीकडे, नावच नसेल तर ही एकच वाटणी, पण ६C३ ने ती दोनदा मोजली. म्हणून २० / २ = १०. म्हणजे माणसांचा क्रम नसला तरी गटांचा क्रम गुपचूप शिरू शकतो, गट सारख्या आकाराचे असले की सावध व्हा. ४ आणि २ चे गट असते तर भागायची गरज नव्हती, कारण कोणता गट कोणता ते आकारावरूनच कळतं.

८. प्रमुख आणि एखादा साधा सभासद बदलले तर नवीन समिती, दोन साधे सभासद बदलले तर तीच. म्हणजे थोडा क्रम आहे थोडा नाही, एक फॉर्म्युला पुरत नाही, दोन पायऱ्या करा. ९C४ × ४ = १२६ × ४ = ५०४. किंवा आधी प्रमुख ठरवा, ९ × ८C३ = ९ × ५६ = ५०४. दोन्ही वाटांनी तेच आलं की झोप नीट लागते.

९. इथे बहुतेक जण म्हणतील, आधी एक मुलगी घेऊ (४ प्रकारे), मग उरलेल्या ८ मधून कोणतेही दोन (२८), ११२. चूक! समितीत मीरा आणि सई दोघी असतील तर "आधी मीरा, मग सई" आणि "आधी सई, मग मीरा" ही तुम्ही दोनदा मोजली, समिती मात्र एकच. "आधी" म्हणालात तिथेच क्रम घुसला. सगळ्या समित्या ९C३ = ८४, त्यातून फक्त मुलग्यांच्या ५C३ = १० वजा, उत्तर ७४.

१०. रस्ता म्हणजे सात पावलं, त्यातली कोणती तीन वरची ते ठरवा, ७C३ = ३५. आता कोणीतरी विचारेलच, बाई पण पावलांचा क्रम तर महत्त्वाचा आहे ना? आहेच की, उउउउववव आणि वववउउउउ वेगळे रस्ते. पण उ सगळे सारखे, व सगळे सारखे, ७! / (४! × ३!), परत ३५. "बडबड"चंच गणित दुसऱ्या कपड्यात आलंय. आपण इथे C ने पावलं उचलत नाही, जागांचे नंबर उचलतोय, आणि २, ५, ७ नंबरच्या जागा म्हटलं काय किंवा ७, २, ५ म्हटलं काय, रस्ता तोच.

११. "चूक" हे उत्तर परत परत वापरता येतं, म्हणून P-C दोन्ही बाद. २¹⁰ = १०२४.

१२. (अ) हातातले पत्ते कसेही लावा, हात तोच, ५२C५ = २५९८९६०. (ब) ओळीत मांडले की पत्त्यांची अदलाबदल दिसते, ५२P५ = ३११८७५२००. दुसऱ्याला पहिल्याने भागून बघा, बरोबर १२० येतील, म्हणजे ५!. कॅल्क्युलेटर वापरला तरी चालेल, फक्त अदलाबदलीची ओळ स्वतःच्या हाताने लिहा आणि वह्या मंगळवारी आणा.