ड्रेस्डेनमधला माझा गुरुवार

[दृश्य: खोली, अजून अंधार. टेबलावरचा दिवा लागतो. मोबाईल हातात.]

आजी, आई, बाबा, चिनू, नमस्कार! इथे सकाळचे सात वाजलेत, तुमच्याकडे साडेअकरा. ऑक्टोबरमध्ये इथली घड्याळं एक तास मागे घेतात, त्यामुळे साडेतीन तासांचं अंतर आता साडेचार झालंय. बाबा, म्हणून म्हणते, तुमच्या सकाळी सात वाजता फोन करू नका. तेव्हा इथे रात्रीचे अडीच असतात!

आजी दर वेळी विचारते, "दिवसभर करतेस तरी काय गं?" तर आज प्रेक्षणीय स्थळं नाहीत. नेहमीचा गुरुवार आहे, जसाच्या तसा.

[दृश्य: खिडकीचा दांडा, अगदी जवळून.]

हा दांडा बघा. खाली असला की खिडकी बंद. आडवा केला की दारासारखी पूर्ण उघडते. आणि पार वर नेला... बघा, फक्त वरून जराशी कलते. रोज सकाळी खिडकी सताड उघडायची, दहा मिनिटं गारठा आत घ्यायचा आणि बंद करायची. बाहेर थंडी म्हणून खोली कोंडून ठेवली तर भिंतीला बुरशी धरते आणि घरमालकाचं पत्र येतं. हा खालचा हीटर, त्यावर एक ते पाच आकडे. तीनवर खोली साधारण वीस अंशांवर राहते. आई, मला थंडी वाजत नाही. खरंच.

[दृश्य: सामायिक स्वयंपाकघर, कचऱ्याचे डबे.]

आम्ही चौघी इथे राहतो. बाकीच्या झोपल्यात, म्हणून हळू बोलतेय. कागद निळ्यात, प्लास्टिक-पत्रा पिवळ्यात, ओला कचरा तपकिरीत, उरलेलं काळ्यात. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या पेटीत टाकायच्या, त्याही रंगाप्रमाणे वेगळ्या. रविवारी मात्र नाही, खळखळाट होतो म्हणून. चिनू, हसू नकोस, तुझ्या खोलीला या शिस्तीची फार गरज आहे.

[दृश्य: रस्ता, सिग्नल, मग पिवळी ट्राम.]

आजी, सिग्नलवरचा माणूस बघ, टोपी घातलेला! हा पूर्व जर्मनीच्या काळातला, 1961 मध्ये आला. देश गेला, माणूस राहिला. लाल असताना रस्ता रिकामा असला तरी लोक थांबतात, लहान मुलं बघत असली तर नक्कीच.

ट्रामला दरवाजाशी कुणी तिकीट तपासत नाही. पण मधेच साध्या कपड्यातला तपासनीस उठतो आणि तिकीट नसेल तर साठ युरो दंड. माझा विद्यार्थ्यांचा पास मोबाईलमध्ये आहे, म्हणून निघताना चार्जिंग आधी बघते, जेवणाचा डबा नंतर.

वर्गात कॅमेरा बंद ठेवते. न विचारता कुणाचा चेहरा टिपलेला इथे चालत नाही, आणि बरोबरच आहे ते. तसंही, दीड तास फळ्यावरची समीकरणं बघून तुम्हाला झोपच लागली असती.

[दृश्य: ग्रंथालय, बाहेरून.]

बाबा, हे तुमच्यासाठी. मुख्य वाचनकक्ष जमिनीखाली आहे आणि उजेड वरच्या काचेच्या छतातून येतो. माया लोकांची एक प्राचीन पोथी याच ग्रंथालयात जपून ठेवली आहे. जगात अशा मोजक्याच उरल्यात. मी मात्र बहुतेक वेळ खालच्या मजल्यावर रसायनशास्त्रापाशी असते. दुपारचं सगळं तिथेच जातं.

[दृश्य: जुनं शहर. संध्याकाळ, दिवे लागलेत.]

आत्ता साडेचार वाजलेत. हो, दुपारचे! चारच्या सुमारास सूर्य मावळतो. पहिल्या आठवड्यात या अंधाराने जीव नकोसा झाला होता. आता ठरवूनच दोन स्टॉप आधी उतरते आणि इथून चालत जाते.

हे फ्राउएनकिर्ख चर्च. फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यानंतर कोसळलं आणि कित्येक वर्षं नुसता ढिगारा पडून होता. 2005 मध्ये पुन्हा उभं राहिलं. थांबा, झूम करते... भिंतीत मधेच काळे दगड दिसतात ना? ते जुने, ढिगाऱ्यातून निवडून वापरलेले. बाकीचे फिकट म्हणजे नवे. स्थळं दाखवणार नाही म्हणाले होते, पण हे रोजच्या वाटेवरच आहे, मी काय करू!

[दृश्य: इमारतीचं तळघर, कपडे धुण्याची मशीन.]

आणि हा दिवसाचा शेवट. मशीनची पाळी वहीत लिहावी लागते. माझी सहा ते साडेसात. वेळेत कपडे काढले नाहीत, तर पुढचीने ते काढून वर ठेवलेले असतात, म्हणून मी इथेच पुस्तक घेऊन बसते.

मशीन थांबली, आता जाते. काही विचारायचं असेल तर ग्रुपवर लिहा, रविवारी फोनवर सगळ्यांना उत्तरं देईन. आई, नुसतं "बारीक झालीस" लिहिलंस तर उत्तर मिळणार नाही!