सोमवारी माझ्याबरोबर सांगलीला चला

तासगाव,
गुरुवार, दि. 5 जून 2025

प्रिय अहो,
सप्रेम नमस्कार.

एकाच घरात राहून पत्र लिहिण्याची वेळ यावी, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण रात्री हा विषय काढला तर तुम्ही शुद्धीत नसता आणि सकाळी काढला तर बागेत जायची घाई असते. शिवाय आत्यांच्या किंवा मुलांच्या देखत बोलून तुम्हाला खाली पाहायला लावण्याची माझी इच्छा नाही. म्हणून सावकाश विचार करून लिहीत आहे. सकाळच्या चहाबरोबर हे पत्र शेवटपर्यंत वाचावे, एवढी विनंती.

तुमच्या दारू पिण्याची घरातल्या सगळ्यांना काळजी वाटू लागली आहे. पूर्वी बेदाण्याचा सौदा झाला, पट्टी हातात आली की मित्रमंडळींबरोबर एखाद्या संध्याकाळी तुम्ही घेत होता, त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढले नाही. आता सौदा असो वा नसो, दिवस मावळला की तुमचे पाय परमिट रूमकडे वळतात, आणि अलीकडे तर सकाळीही हात थरथरतो म्हणून तुम्ही शेडमध्ये ठेवलेल्या बाटलीतले थोडे घेता. ती बाटली मी पाहिली आहे. फेकून दिलेली नाही, कारण एक फेकली तर दुसरी येईल, हे मला कळते.

आपल्या ताईचे सांगते. ती आता दहावीला जाईल. रात्री पुस्तक घेऊन ती सोप्यातच बसते. तिथे उजेड चांगला आहे, असे ती सांगते, पण तिचे सगळे लक्ष तुमच्या मोटारसायकलच्या आवाजाकडे असते. गाडी दारात आली आणि स्टँड पहिल्या झटक्यात लागला, तर ती पुस्तकाचे पान उलटते. स्टँड दोनतीनदा निसटला, गाडी भिंतीला घासली, की ती काही न बोलता धाकट्याला उठवून आत्यांच्या खोलीत नेते आणि दार लोटून घेते. हे तिला कोणी शिकविलेले नाही, तिचे तिनेच ठरविले आहे. तुम्ही मुलांवर कधी हात उगारला नाही, हे मी कोणासमोरही सांगेन. पण घरात कोणत्या मनःस्थितीत कोण येणार, याचा अंदाज घेत ज्या मुलीला रोज बसावे लागते, तिच्या मनावरचा ताण मारापेक्षा फार कमी नसतो.

आत्या तर जेवतच नाहीत तुम्ही येईपर्यंत. आणि मला त्या रस्त्याची भीती वाटते. उसाचे ट्रॅक्टर, वळणे, अंधार, त्यात तुम्ही प्यायलेले. रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू आढळली की कायद्याने तो गुन्हा ठरतो आणि पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दंड भरता येईल. तुमच्या गाडीखाली कोणाचे लेकरू आले, तर ते कशाने भरून देणार?

तुमच्यावर ओझे किती आहे, याची मला जाणीव आहे. यंदा मे महिन्यातच पाऊस कोसळला, काडीत घड नीट तयार होईल की नाही हा घोर, सोसायटीचे कर्ज, औषधांची उधारी. हे सगळे खरे आहे. पण ज्या हाताने औषधाचे माप घ्यायचे तो हातच स्थिर नसेल, तर बाग कोण सांभाळणार? ऑक्टोबर छाटणीला काडी हातात घेऊन कोणत्या डोळ्यावर कात्री चालवायची, हे विचारायला शेजारच्या गावचे लोक तुमच्याकडे येत असत. गेल्या हंगामात कोणी आले नाही. तुमचे ज्ञान कमी झालेले नाही, लोकांचा भरवसा कमी झाला आहे, आणि तो परत मिळविता येतो असे मला मनापासून वाटते.

"श्रावण लागू दे, सोडतो," असे तुम्ही म्हणता. श्रावणाला अजून दीड महिना आहे, पण माझी अडचण वेगळीच आहे. गेल्या श्रावणात तुम्ही खरोखरच एकदम बंद केली होती. दुसऱ्या दिवशी अंगाला दरदरून घाम, उलट्या, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा घेतली. नातेवाइकांनी त्याला मनाचा कमकुवतपणा म्हटले. मी डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले की रोजच्या दारूची शरीराला सवय लागली की ती अचानक तोडल्यावर असे होतेच, पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड असतात, आणि काहींना फिट येते, भ्रम होतो, जिवावरही बेतू शकते. म्हणून अशा माणसाने घरच्या घरी एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे घेऊन सोडावी. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तेव्हा श्रावणाची वाट पाहू नका आणि हे पत्र वाचून रागाच्या भरात आजच्या आज बंदही करू नका.

सोमवारी, 9 तारखेला, सकाळी अकराची सांगलीतल्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मी घेतली आहे. यकृताची तपासणीही त्याच दिवशी होईल. भरती व्हायची गरज आहे असे ते म्हणाले, तर साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली परिवर्तन संस्था व्यसनमुक्तीचेच काम करते, तिथे आपण चौकशी करू. पुढे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा असतात. तिथे फी नसते, आडनाव विचारत नाहीत, आणि बोलणारे सगळे स्वतः त्यातून गेलेले असतात. तुम्ही उपचार घेत असताना बाग भावजी पाहतील, फवारणीचे वेळापत्रक त्यांनी वहीत उतरवून घेतले आहे. चार माणसांत नाव निघेल, ही तुमची धास्ती मी समजू शकते, पण परमिट रूमच्या दारात उभी असलेली आपली गाडी सगळे गाव रोज पाहतेच.

माझ्यापुरते काही ठरविले आहे, तेही आधीच सांगते, म्हणजे नंतर गैरसमज नको. तुम्ही प्यायला असाल तेव्हा गाडीची किल्ली मी देणार नाही. कोणी विचारले तर "त्यांना ताप आहे" असे माझ्या तोंडून निघणार नाही. राहिलेल्या बेदाण्याचे पैसे आपल्या दोघांच्या खात्यावर जमा व्हावेत, आणि त्यातून ताईच्या दहावीची रक्कम आधी बाजूला निघावी. रात्री तुम्ही शुद्धीत नसलात तर मी वाद घालणार नाही. जेवण झाकून ठेवीन आणि मुलांजवळ झोपेन. ही शिक्षा समजू नका. घर चालू राहावे आणि मलाही चार तास झोप मिळावी, यासाठी हे आहे.

तुम्हाला सोडून जाण्याची धमकी या पत्रात नाही, कारण तसे माझ्या मनातच नाही. मला तुम्ही हवे आहात, आणि धडधाकट हवे आहात.

शनिवारी संध्याकाळपर्यंत होय किंवा नाही ते सांगा. तोंडाने सांगणे जड वाटले तर याच कागदाच्या पाठीमागे लिहून फडताळात ठेवा. एकट्याने जायचे नसेल तर भावजी गाडी घेऊन येतील, मी बरोबर असेनच. आधीचे रिपोर्ट आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी मी पिशवीत घालून ठेवली आहे.

तुमची,
सुनंदा