संशोधन सहकार्य करारनामा: गंजरोधक लेप प्रकल्प

हा करारनामा औद्योगिक लेप बनवणारी कंपनी (यापुढे ‘कंपनी’) आणि रसायनशास्त्र विभागामार्फत संशोधन करणारे महाविद्यालय (यापुढे ‘महाविद्यालय’) यांच्यात झाला असून, सह्यांच्या तारखेपासून २४ महिने अमलात राहील. लोखंडी पाइपांसाठी झिंक ऑक्साइडचे सूक्ष्मकण असलेला लेप विकसित करणे, एवढाच प्रकल्पाचा विषय आहे.

१. आधीचे ज्याचे त्याचे. कंपनीचे रेझिनचे सूत्र कंपनीचे व कण तयार करण्याची पद्धत महाविद्यालयाची राहील. दोन्हींची यादी परिशिष्ट ‘अ’ मध्ये आहे. प्रकल्पापुरता वापर करू दिला म्हणजे मालकी दिली, असे होत नाही.

२. निष्कर्षांची मालकी. जे एकाच पक्षाच्या माणसांनी शोधले, ते त्या पक्षाचे. प्रकल्पाचा खर्च कंपनी देत असली तरी केवळ त्या कारणाने निष्कर्ष तिच्या मालकीचे होणार नाहीत. महाविद्यालय सर्व निष्कर्ष अध्यापन व संशोधनासाठी विनामूल्य वापरू शकेल.

३. संयुक्त शोध. शोधाच्या मूळ कल्पनेत दोन्हीकडच्या व्यक्तींचा बौद्धिक वाटा असेल तरच तो संयुक्त. यंत्र वापरायला दिले, नमुने तपासून दिले किंवा विभागप्रमुख म्हणून देखरेख केली, एवढ्याने कोणी शोधकर्ता ठरत नाही. वाद झाल्यास तारीख व सही असलेली प्रयोगवही आधी पाहिली जाईल. नंतर आठवून लिहिलेली टिपणे त्यानंतर.

संयुक्त शोधात दोघांचा हिस्सा निम्मा-निम्मा. पेटंटचा अर्ज दोघांच्या नावे होईल, खर्च कंपनी करेल. कंपनीने शोधाची लेखी माहिती मिळाल्यापासून ९० दिवसांत अर्ज न केल्यास महाविद्यालय स्वखर्चाने करू शकेल. लेपांच्या क्षेत्रात कंपनीला एकमेव परवाना राहील व त्यापोटी ती निव्वळ विक्रीच्या २ टक्के रॉयल्टी देईल. सलग ३ वर्षे उत्पादन बाजारात न आल्यास परवान्याचा एकमेवपणा संपेल. इतर क्षेत्रांत त्रयस्थाला परवाना देताना दुसऱ्या पक्षाची लेखी संमती लागेल आणि ती सबळ कारणाशिवाय नाकारता येणार नाही.

४. प्रकाशन. शोधनिबंध, पोस्टर किंवा परिषदेतील सारांश पाठवण्याआधी ३० दिवस त्याचा मसुदा कंपनीला द्यावा. सारांशही यात येतो, कारण पेटंट-अर्जाआधी छापलेली दोन ओळींची माहितीसुद्धा अनेक देशांत शोधाची नवीनता घालवते. कंपनी आपली गोपनीय माहिती वगळण्यास सांगू शकेल, किंवा अर्जासाठी प्रकाशन आणखी जास्तीत जास्त ६० दिवस थांबवू शकेल. मुदतीत उत्तर न आल्यास संमती गृहीत धरली जाईल. निष्कर्ष कंपनीच्या मालाला प्रतिकूल आहे, हे हरकतीचे कारण होऊ शकत नाही.

पीएच.डी.चा प्रबंध या कलमातील कोणत्याही कारणाने अडवता येणार नाही. आवश्यक तेथे परीक्षकांकडून गोपनीयतेचे हमीपत्र घ्यावे. विद्यार्थ्यांना काम सुरू करण्याआधी हा करारनामा वाचायला द्यावा व त्यांची सही घ्यावी.

५. गोपनीयता व समाप्ती. करार संपल्यावरही गोपनीयता ५ वर्षे बंधनकारक. ६० दिवसांच्या लेखी सूचनेने कोणीही बाहेर पडू शकेल. कलम २ ते ४ मात्र त्यानंतरही लागू राहतील.

कंपनीतर्फे: संचालक
महाविद्यालयातर्फे: प्राचार्य
वाचून मान्य: प्रमुख संशोधक
साक्षीदार: दोन