निफाड-दिंडोरीचा माल, थेट शेतकऱ्याकडून

आम्ही निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतले द्राक्ष-कांदा उत्पादक. गट करून माल एकत्र विकतो. मधे अडत नाही. काटा तुमच्यासमोर होतो.

या आठवड्याचे दर (शेतावरचे, वाहतूक वेगळी)
थॉमसन द्राक्षे, २ किलोची पेटी: ₹१५०
काळी द्राक्षे, २ किलोची पेटी: ₹१९०
लाल कांदा, मध्यम, ५० किलोची गोणी: ₹९००
टोमॅटो, २० किलोचे क्रेट: ₹३२०
बेदाणा, हिरवा, १ किलो: ₹३२०

दर सोमवारी बदलतात. नोंदवलेल्या मालाला मात्र नोंदीच्या दिवशीचाच दर.

द्राक्षांची गोडी मोजल्याशिवाय कात्री लावत नाही; १८ ब्रिक्सच्या खालचा घड पेटीत जात नाही. तोडणी सकाळी उन्हाआधी, पॅकिंग सावलीत. आंबट माल घाईने पाठवून एकदाचा पैसा मिळतो, गिऱ्हाईक कायमचं जातं. लाल कांदा टिकत नाही, तो साठवणुकीसाठी मागू नका. त्यासाठी एप्रिलनंतरचा उन्हाळी घ्या.

किमान मागणी: द्राक्षे ५० पेट्या, कांदा २० गोण्या. सोसायट्यांनी एकत्र मागवलं तरी चालेल.

चौकशी
नाव आणि गाव/शहर
मोबाइल (व्हॉट्सॲप असलेला)
खरेदीदार: दुकान / हॉटेल / सोसायटी / निर्यातदार
कोणता माल, किती, कोणत्या तारखेला
गाडी: तुमची / आम्ही ठरवू
[चौकशी पाठवा]

संध्याकाळी ७ नंतर, शेतातली कामं आटोपल्यावर, आम्हीच फोन करतो. निम्मी रक्कम नोंदणीला, उरलेली गाडी भरताना.