खोट्या मापाची कबुली: पापनिवेदनाची प्रार्थना

(आदल्या रात्री, घरातले झोपल्यावर. गेल्या हंगामाचं बिलबुक समोर उघडं ठेवून, क्रूसाची खूण करून.)

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. आमेन.

पवित्र आत्म्या, ये आणि मला उजेड दे. मी हिशेबात हुशार माणूस, तीच माझी अडचण आहे. स्वतःचा हिशेब मांडायला बसलो की थोडंफार वळतं करून घ्यायची मला सवय. आज तसं होऊ देऊ नकोस.

प्रभू, गेल्या हंगामात, मार्चपासून मेअखेरपर्यंत, खानापुरात काजूबी घेताना मी माप मारलं. काटा खोटा नव्हता. वजनमाप खात्याचं सील त्यावर शाबूत होतं, आणि कोणी शंका काढली की मी तेच सील दाखवायचो. खोटा होता माझा हात. सकाळी रिकामी बुट्टी काट्यावर ठेवताना तिच्यात अर्ध्या किलोचं वजन टाकायचो, काटा शून्यावर आणणारं टेअरचं बटण दाबायचो आणि वजन काढून घ्यायचो. मग दिवसभर प्रत्येक वजनाला अर्धा किलो बी माझी.

आज बिलबुक धरून मोजलं. 268 वजनं. 134 किलो. 115 रुपये दराने 15,410 रुपये.

ही रक्कम बघून मनात पहिला विचार आला तो हा, की एवढ्या मोठ्या धंद्यात हे काहीच नाही. तोही तुझ्यापुढे ठेवतो. कारण पुढचं पान उलटलं तेव्हा कळलं, की क्विंटलभर बी आणणाऱ्याचाही एका खेपेला अर्धाच किलो गेला, आणि घराभोवतीच्या चार झाडांची सात किलो बी पिशवीतून आणणारीचाही तेवढाच. जिच्याकडे कमी होतं तिचं मी जास्त नेलं. खोटा तराजू तुला किळसवाणा वाटतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. तराजूच्या दुसऱ्या बाजूला कोण उभं असतं, ते मात्र बघितलं नाही.

जांबोटीकडून येणारी एक आजी म्हणाली होती, "घरी मोजून आणलंय बाबा, वीस भरलंय." मी पाच माणसांसमोर हसलो आणि म्हणालो, "आजी, तुमच्या घरचा काटा परड्यात फेकून द्या." ती गप्प बसली आणि साडेएकोणीसचे पैसे पदरात बांधून गेली. तिचा अर्धा किलो चोरला हे एक पाप. तिला चारचौघांत खोटी पाडली हे दुसरं, आणि ते पैशाने फिटत नाही.

तिसरं. बुट्टी लावायला जो पोरगा आहे, त्याला ही युक्ती मी शिकवली. त्याला पाप म्हणून नव्हे, कसब म्हणून शिकवली. लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधावी, असं तू बोललास. ती तळी माझ्या मापाची आहे.

आणि चौथं, जे लिहायलाही हात जड होतो. ईस्टरच्या आधी मी पापनिवेदनाला गेलो होतो. राग सांगितला, दोन रविवारच्या चुकलेल्या मिस्सा सांगितल्या, आणि हे ठाऊक असूनही गिळलं. फार तर "व्यवहारात थोडं इकडंतिकडं" असं पुटपुटलो असेन. विसरलेलं पाप वेगळं, दडवलेलं वेगळं. ती पापक्षमा मला लागलीच नाही, आणि त्यानंतरचे तीसएक रविवार मी त्याच तोंडाने ख्रिस्तशरीर घेतलं.

(दुसऱ्या दिवशी, रांगेत उभं असताना.)

प्रभू येशू, माझ्या पुढे चार माणसं आहेत. परत फिरावंसं वाटतंय. फादर मला आवाजावरून ओळखतात. दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये गेलो असतो तर बरं, असंही वाटतंय. त्यात काही चूक नसली तरी माझं मन पळवाट म्हणून तिकडे ओढतंय, तेवढं मला कळतं. इथं सांगितलेलं फादर कुणापुढे बोलू शकत नाहीत. जीभ अडखळली तर आधी सगळ्यात जड तेच सांगायची बुद्धी दे, म्हणजे बाकीचं मागून येईल.

(फादरांसमोर.)

फादर, मला आशीर्वाद द्या, कारण मी पाप केलं आहे. माझं शेवटचं पापनिवेदन ईस्टरच्या आधी झालं, पण त्यात मी एक गंभीर पाप जाणूनबुजून लपवलं, आणि तेव्हापासून जवळजवळ तीस वेळा त्याच अवस्थेत कम्युनियन घेतलं.

ते पाप हे: एक हंगामभर मी काजूबीच्या मापात चोरी केली. 268 वेळा, दर वेळी अर्धा किलो. बरेचसे लोक गरीब होते. एका म्हाताऱ्या बाईला लोकांसमोर खोटं ठरवलं. माझ्याकडे काम करणाऱ्या पोराला ही चोरी शिकवली. पैसे अजून परत केलेले नाहीत. करायचं ठरवलं आहे. या आणि मला न आठवणाऱ्या सगळ्या पापांबद्दल मला दुःख होतं.

(फादरांचा उपदेश आणि प्रायश्चित्त ऐकून घेतल्यावर.)

माझ्या देवा, मला मनापासून वाईट वाटतं. पकडला जाईन म्हणून नाही, निदान तेवढ्यासाठी नाही. तू मला पावसापासून पिकापर्यंत सगळं पूर्ण माप भरून दिलंस आणि मी तुझ्याच लेकरांना कमी मोजून दिलं. तू चांगला आहेस, आणि मी तुझ्याविरुद्ध वागलो. तुझ्या कृपेच्या बळावर मी पुन्हा असं करणार नाही आणि त्या वाटेलाही जाणार नाही. प्रभू येशू, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.

(पापमुक्ती मिळाल्यावर, शेवटच्या बाकावर गुडघे टेकून. फादरांनी दिलेलं प्रायश्चित्त आधी, इथंच. घरी जाऊन म्हणू म्हटलं की राहतं.)

बापा, तू मला मोकळं केलंस. देणं मात्र अजून माझ्याकडेच आहे.

जक्कयने चौपट देतो म्हटलं. मोशेच्या नियमशास्त्रात मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा सांगितला आहे. चौपट झेपणार नाही; पाचवा हिस्सा धरून 18,492 होतात. नाताळच्या खरेदीला ठेवलेले त्यात जातील. घरी कारण सांगायचं धैर्य दे.

231 वजनांपुढे नावं आहेत. त्यांचे 15,939 ज्याचे त्याला, आणि कोणी वारलं असेल तर त्याच्या वारसाला. 37 वजनं बिननावाची आहेत, त्यांचे 2,553 गरिबांना, माझं नाव न लावता. हा क्रम उलटा होऊ देऊ नकोस. सगळी रक्कम दानपेटीत घालून मोकळं व्हायची मला फार ओढ आहे, कारण दानपेटी तोंडाकडे बघत नाही. पण जिचा माणूस ठाऊक आहे ती बी देवळाची नाही.

लोकांना काय सांगायचं? "काट्यात बिघाड होता" हे वाक्य जिभेवर तयार आहे. ते काढून घे. "गेल्या हंगामात माझ्याकडून तुमचं माप कमी झालं, हे तुमचे पैसे," एवढं पुरे. प्रत्येकासमोर सगळी चोरी उलगडून सांगायची सक्ती नाही. नवं खोटं बोलायची मुभाही नाही.

आजीकडे आधी जाईन. तिचं खरं होतं हे जिथं हसलो तिथंच, काट्यापाशी, चार माणसं असताना म्हणेन. तिने माफ केलं तर तुझी कृपा. नाही केलं तरी पैसे आणि शब्द तिचेच.

आणि हंगाम उघडेल त्या सकाळी त्या पोराच्या देखत बुट्टी रिकामी ठेवीन, टेअर त्याच्याच हाताने दाबून घेईन, मग वीस किलोचं शिक्क्याचं वजन घालून काटा पहिल्या गिऱ्हाइकाला दाखवीन. अर्धा किलोचं ते वजन आजच दुकानातून बाहेर काढतो.

पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव असो. आमेन.